शेल्फच्या फोटोतील बरणी बदलताना: माप आणि पर्स्पेक्टिव्ह यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील छोट्या खाद्य-उद्योजकांसाठी दुकानातील मांडणीचे फोटो तयार करताना जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरण सर्वत्र एकच ठेवले आहे. सदाशिव पेठेतील एका किराणा दुकानाच्या फळीवर लिंबाच्या लोणच्याची जुनी, उंच बरणी (उंची 160 मि.मी., व्यास 80 मि.मी.) उभी आहे. उत्पादकाने आता बुटकी आणि रुंद बरणी (उंची 130 मि.मी., व्यास 90 मि.मी.) बाजारात आणली असून, दुकानाचा तोच फोटो नव्या बरणीसह हवा आहे. फोटो 24 मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याने, 18 मि.मी. लेन्सवर काढलेला आहे.

आमच्याकडे नव्या बरणीचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा सुंदर फोटो आहे. तोच संदर्भ म्हणून वापरता येणार नाही का?

बहुतेक वेळा येत नाही, आणि यात त्या फोटोचा काही दोष नसतो. विक्रीच्या संकेतस्थळासाठी काढलेल्या फोटोत कॅमेरा बरणीच्या मध्याच्या उंचीवर ठेवलेला असतो, त्यामुळे झाकण जवळजवळ सरळ रेषेसारखे दिसते आणि लेबलच्या कडाही आडव्या सरळ दिसतात. दुकानात मात्र फोटो काढणारा माणूस उभा असतो आणि फळी त्याच्या छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर असते, म्हणून तेथे झाकणाचा वरचा पृष्ठभाग लंबवर्तुळासारखा उघडलेला दिसतो. जो पृष्ठभाग संदर्भ फोटोत टिपलाच गेला नाही, तो कितीही ताणले किंवा वाकवले तरी निर्माण होत नाही. अशी बरणी फळीवर चिकटवली की ती पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी वाटते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याच्या लगेच लक्षात येते.

माप नंतर बदलता येते, पर्स्पेक्टिव्ह नंतर बदलता येत नाही. पर्स्पेक्टिव्ह ठरते ते केवळ कॅमेरा वस्तूपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर होता यावर, लेन्स कोणती होती यावर नाही. लेन्स बदलली की चित्र फक्त मोठे किंवा लहान होते. म्हणून दुकानातील कॅमेरा कुठे होता हे आधी शोधायचे आणि मग त्याच जागेवरून नव्या बरणीचा फोटो काढायचा, हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुकानातील फोटो दुसऱ्या कोणीतरी काढला होता. कॅमेरा कुठे होता हे आता कसे समजणार?

जी बरणी काढून टाकायची आहे, तीच हे सांगते. मात्र त्याआधी दोन गोष्टी पार पाडाव्या लागतात. रुंद लेन्समुळे फळ्यांच्या कडा किंचित फुगलेल्या दिसतात, तो दोष लेन्स प्रोफाइल लावून काढून घ्यावा. तसेच कॅमेरा खाली झुकलेला असेल तर मांडणीचे उभे खांब खालच्या बाजूला एकमेकांकडे येताना दिसतात. कॅमेरा रॉमधील `Geometry` या विभागातून ते सरळ उभे करून घ्यावेत. हे झाल्यावर चित्र कॅमेरा समतल धरून काढल्यासारखे होते आणि पुढचे गणित सोपे राहते.

आता जुन्या बरणीचे झाकण मोजा. आमच्या फोटोत ते 240 पिक्सेल रुंद होते आणि त्याच्या लंबवर्तुळाची उभी जाडी 46 पिक्सेल होती. उभी जाडी भागिले रुंदी केली की साधारण 0.19 येते. समतल कॅमेऱ्यासाठी हे गुणोत्तर म्हणजेच झाकण कॅमेऱ्यापेक्षा जितके खाली आहे ते अंतर भागिले कॅमेरा आणि बरणी यांमधील अंतर. हेच मोजमाप बुडाशी करा. बुडाचा मागचा अर्धा भाग दिसत नाही, म्हणून पुढच्या अर्ध्या वळणाची खोली मोजून ती दुप्पट करायची. आमच्याकडे ती 72 पिक्सेल आली, म्हणजे गुणोत्तर 0.30.

या दोन गुणोत्तरांतील फरक सुमारे 0.108 आहे. झाकण आणि बूड यांत 160 मि.मी.चे अंतर आहे हे आपल्याला बरणीवर पट्टी लावून आधीच ठाऊक आहे. 160 ला 0.108 ने भागले की कॅमेऱ्याचे अंतर सुमारे 1480 मि.मी. येते, ते आपण 1500 धरू. त्याला बुडाच्या 0.30 ने गुणले की कळते की कॅमेरा फळीच्या पृष्ठभागापेक्षा 450 मि.मी. उंच होता. दीड मीटरवर उभा असलेला माणूस आणि फळीपासून हातभर वर धरलेला कॅमेरा: पेठेतील अरुंद दुकानाच्या मानाने हे उत्तर पटण्यासारखे आहे.

येथे एक सावधगिरी हवी. झाकण आणि बूड यांच्या जाडीतील फरक केवळ 26 पिक्सेलचा असल्यामुळे मोजण्यात दोन पिक्सेलची चूक झाली तरी अंतरात सुमारे आठ टक्के फरक पडतो. काचेच्या बरणीचे बूड गोलसर असेल तर ही चूक हमखास होते. अशा वेळी अंतर थोडे चुकले तरी चालेल, पण झाकणाचे गुणोत्तर नेमके जुळले पाहिजे, कारण डोळा आधी झाकणाकडे जातो.

हे उत्तर बरोबर आहे की नाही, याची पडताळणी करता येते का?

येते. मांडणीच्या बाजूच्या फळ्यांच्या खोलीकडे जाणाऱ्या कडा रेषांनी वाढवा. त्या ज्या बिंदूत मिळतात, त्या बिंदूतून आडवी रेषा ओढली की ती कॅमेऱ्याच्या डोळ्याची पातळी असते, जिला चित्रकलेच्या तासाला आपण क्षितिजरेषा म्हणत असू. आमच्या फोटोत जुन्या बरणीच्या जागी एका मि.मी.ला 3 पिक्सेल पडतात (ते कसे, हे पुढच्या उत्तरात आहे), म्हणजे 450 मि.मी. उंचीवरची ही रेषा बरणीच्या बुडापासून 1350 पिक्सेल वर यायला हवी. ती 1300 ते 1400 च्या दरम्यान आली तर समाधान मानावे. ती 900 वर आली तर बूड मोजताना चूक झाली आहे.

नवी बरणी नेमकी किती पिक्सेल उंच ठेवायची?

जुन्या बरणीची उंची पिक्सेलमध्ये मोजायची, तिला 160 ने भागायचे आणि 130 ने गुणायचे, इतकेच हे काम आहे. तरीही सर्वाधिक चुका येथेच होतात, आणि ती चूक मीही केलेली आहे.

झाकणाच्या मागच्या कडेच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून बुडाच्या पुढच्या कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत रेषा ओढली तर ती 539 पिक्सेल भरते. ही बरणीची उंची नव्हे. तिच्यात झाकणाच्या लंबवर्तुळाचा वरचा अर्धा भाग (23) आणि बुडाच्या लंबवर्तुळाचा खालचा अर्धा भाग (36) मिसळलेला आहे. खरी उंची बरणीच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर मोजायची असते, म्हणजे झाकण जेथे सर्वांत रुंद आहे त्या बिंदूपासून बूड जेथे सर्वांत रुंद आहे त्या बिंदूपर्यंत. ती 480 भरते. 480 भागिले 160 म्हणजे एका मि.मी.ला 3 पिक्सेल, आणि म्हणून नवी बरणी 390 पिक्सेल उंच आणि 270 पिक्सेल रुंद.

पहिल्या खेपेला मी 539 धरून हिशेब केला, तेव्हा बरणी बारा टक्क्यांनी मोठी बसली. उत्पादक बाईंनी फोटो पाहताक्षणी विचारले, "ही अर्धा किलोची आहे की पाऊण किलोची?" रोज शेकडो बरण्या हाताळणाऱ्या माणसाला बारा टक्के फरक पट्टीशिवाय कळतो.

ताळा रुंदीवर घ्यावा. जुन्या झाकणाची रुंदी 240 पिक्सेल होती आणि 240 भागिले 80 म्हणजे पुन्हा 3. उंची आणि रुंदी यांची उत्तरे जुळली नाहीत, तर एक तर लेन्सचा फुगवटा शिल्लक आहे किंवा उंची चुकीच्या बिंदूंपासून मोजली गेली आहे.

मग संदर्भ फोटो घरी कसा काढायचा?

दुकानातील स्थिती जेवणाच्या टेबलावर पुन्हा उभी करायची. टेबल 750 मि.मी. उंच असेल तर कॅमेऱ्याची लेन्स जमिनीपासून 1200 मि.मी. उंचीवर यावी, म्हणजे ती टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा 450 मि.मी. वर राहते. लेन्सपासून बरणीच्या मध्यापर्यंत आडवे अंतर 1500 मि.मी. मोजून कागदी टेपने टेबलावर खूण करावी. अंतर जमिनीला समांतर मोजावे, लेन्सपासून बरणीपर्यंत तिरके नव्हे. कॅमेरा समतल ठेवावा.

आता अडचण अशी येते की समतल कॅमेऱ्यात बरणी चौकटीच्या तळाशी जाते आणि लेन्स झूम केली तर ती चौकटीबाहेरच पडते. कॅमेरा उभा धरला तर 18-55 लेन्सवर 35 मि.मी.पर्यंत झूम करूनही बरणी चौकटीत राहते. त्या स्थितीत तिची उंची सुमारे 758 पिक्सेल मिळते आणि 390 पर्यंत ती जवळपास निम्मी करावी लागते, म्हणजे बारकावे पुरेसे शिल्लक राहतात. चौकटीचा वरचा बराचसा भाग रिकामा भिंतीचा येतो. तो कापून टाकायचाच असल्यामुळे त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

फोटो काढल्यावर जागेवरच ताळा घ्या. नव्या बरणीचे झाकण कॅमेऱ्यापेक्षा 320 मि.मी. खाली आहे. 320 भागिले 1500 म्हणजे 0.21. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले की झाकणाची जाडी रुंदीच्या साधारण एक-पंचमांशाहून किंचित जास्त दिसली पाहिजे.

मोबाइलने काढला तर चालेल का?

चालेल, पण जवळ जाऊन नव्हे. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने दीड मीटरवरून 12 मेगापिक्सेलचा फोटो काढला की एका मि.मी.ला जेमतेम 2 पिक्सेल मिळतात आणि बरणी 250 पिक्सेलची भरते. आपल्याला 390 हव्या असतात, म्हणून माणूस स्वाभाविकपणे पुढे सरकतो. पन्नास सेंटिमीटरवर आला की माप पुरते, पण पर्स्पेक्टिव्ह बिघडते: झाकण फार उघडलेले दिसते आणि बूड झाकणाच्या मानाने निमुळते होते. टेलिफोटो लेन्स असलेला मोबाइल असेल तर ती लेन्स वापरावी. त्यात बरणी चौकटीत आणण्यासाठी मोबाइल खाली झुकवावा लागेल, ते चालते. कॅमेरा जागेवरून न हलवता केवळ झुकवला तर उभ्या रेषा नंतर सरळ करता येतात.

फळीवर पाच बरण्यांची रांग आहे. एकच फोटो पाच वेळा चिकटवला तर?

आधी त्या मावतात का, ते पाहा. पाच जुन्या बरण्या आणि त्यांमधील चार-चार मि.मी.ची फट धरून रांग 416 मि.मी. लांब होती. नव्या पाच बरण्या एकमेकींना टेकवून ठेवल्या तरी 450 मि.मी. होतात. म्हणजे खऱ्या फळीवर शेजारचा माल हलवल्याशिवाय त्या बसल्याच नसत्या. फोटोत मात्र त्या सहज बसतात, कारण एक थर दुसऱ्यावर चढवायला कोणाची हरकत नसते. कडा एकमेकींखाली लपतात आणि रांग दाटीवाटीची, अस्वस्थ दिसू लागते. आम्ही चार बरण्या घेतल्या: 416 मधून 360 वजा केले की 56 मि.मी. उरतात, म्हणजे तीन फटींना प्रत्येकी सुमारे 19 मि.मी. येतात.

आता चिकटवण्याविषयी. कॅमेऱ्याच्या डावीकडच्या बरणीची उजवी बाजू थोडी अधिक दिसते आणि उजवीकडच्या बरणीची डावी. लेबलवरचे नाव त्या प्रमाणात मध्यापासून सरकलेले दिसते. शिवाय रुंद लेन्सच्या कडेला गोल वस्तू आडवी थोडी ताणली जाते. हे सगळे हाताने घडवण्यापेक्षा टेबलावर सुमारे 109 मि.मी. अंतराने चार खुणा करून एकच बरणी खुणेखुणेवर सरकवत चार फोटो काढणे सोपे आहे. कॅमेरा हलवायचा नाही, आणि लेबल प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे न वळवता सरळ समोर ठेवायचे. चकाकीचा ठिपकाही मग प्रत्येक बरणीवर वेगळ्या जागी पडतो. एकाच जागी चमकणाऱ्या चार बरण्या पाहिल्या की नक्कल सर्वांत आधी तेथेच उघडी पडते.

बरणी मागच्या ओळीत ठेवायची असेल तर ती किती लहान करायची?

पुढची बरणी 1500 मि.मी.वर आणि मागची तिच्या 300 मि.मी. मागे, म्हणजे 1800 वर असेल, तर माप 1500 भागिले 1800 या प्रमाणात कमी होते. 390 पिक्सेलची बरणी 325 होते. केवळ लहान करून भागत नाही, तिचे बूडही चित्रात वर सरकले पाहिजे. पुढच्या बरणीचे बूड क्षितिजरेषेच्या 1350 पिक्सेल खाली आहे, मागचीचे 1125 खाली हवे. मागची बरणी लहान करून बूड जागेवरच ठेवले, तर ती मागे न जाता पुढच्या ओळीत उभी असलेली छोटी बरणी वाटते.

तीच बरणी डोळ्यांच्या वरच्या फळीवर बसवता येईल का?

येथे काढलेला संदर्भ फोटो तेथे चालणार नाही. डोळ्यांच्या वर असलेल्या वस्तूचे झाकण वरून दिसत नाही आणि लेबलच्या कडा उलट्या, म्हणजे मध्यभागी वर उचललेल्या दिसतात. बरणी फळीच्या कडेपासून मागे असेल तर तिचे बूड फळीआड थोडे झाकले जाते. आमच्या फोटोत डोळ्यांपासून 150 मि.मी. वर असलेल्या फळीवर, कडेपासून 40 मि.मी. मागे ठेवलेल्या बरणीचे तळाचे सुमारे 12 पिक्सेल लपले असते. त्या फळीसाठी कॅमेरा बुडापेक्षा 150 मि.मी. खाली ठेवून वेगळा फोटो काढावा लागतो.

फोटोशॉपमध्ये क्रम कोणता ठेवावा?

कापून घेतलेली बरणी आधी `Convert to Smart Object` करावी, म्हणजे माप पुन्हा पुन्हा बदलले तरी चित्र खराब होत नाही. मग `Ctrl+T` घेऊन रुंदी आणि उंची एकत्र बदलत बरणीच्या डाव्या कडेची उंची 390 पिक्सेल करावी. मोजण्यासाठी `Ruler Tool` पुरतो. `Distort` वापरण्याचा मोह झाला तर थांबून संदर्भ फोटो तपासावा, कारण योग्य जागेवरून काढलेल्या बरणीला त्याची गरज पडत नाही. शेवटी फोटोतील शेजारच्या मालाइतकीच धार ठेवण्यासाठी अर्धा-एक पिक्सेल धूसरपणा आणि थोडे कण मिसळावेत. निम्म्यावर आणलेली बरणी आसपासच्या वस्तूंपेक्षा नेहमी जास्त धारदार दिसते.

जुनी बरणी उंच होती. तिच्यामागची जागा आता रिकामी दिसेल, ती कशी भरायची?

वरच्या बाजूला सुमारे 90 पिक्सेलची पट्टी उघडी पडते. दुकानात परत जाणे शक्य असेल तर बरणी उचलून त्याच उंचीवरून रिकाम्या जागेचा एक फोटो काढून आणावा. दुपारी दुकान बंद होण्याच्या सुमारास गेलात तर गिऱ्हाईक नसते, मात्र शटर अर्धे खाली आलेले असल्याने रस्त्याकडचा उजेड कमी मिळतो, हे ध्यानात ठेवावे. जाणे शक्य नसेल तर बाजूच्या उघड्या जागेतून फळीचा मागचा भाग उतरवून घ्यावा लागतो, आणि जुन्या बरणीची शेजारच्या डब्यावर पडलेली सावलीही पुसावी लागते. हे विसरले तर डब्यावर उंच बरणीची सावली आणि शेजारी बुटकी बरणी असा प्रकार होतो.

बरणी तरंगल्यासारखी का दिसते?

बूड आणि फळी जेथे टेकतात तेथली बारीक, गडद सावली राहून गेलेली असते. ती बुडाच्या पुढच्या वळणालगत दोन-तीन पिक्सेल रुंद असते आणि बाहेर लगेच विरते. ट्यूबलाइटची मऊ सावली त्याखेरीज वेगळी असते. ती शेजारच्या वस्तूंची पाहून त्याच दिशेने आणि तितकीच फिकी द्यावी. संदर्भ फोटो काढताना फळीच्याच रंगाचा पुठ्ठा टेबलावर अंथरला तर टेकण्याची सावली आयती मिळते.

लोणच्याऐवजी चौकोनी खोका असेल तर?

अंतर आणि उंचीचे गणित तेच राहते, पण खोक्यात लंबवर्तुळ नसल्यामुळे कॅमेऱ्याची जागा मांडणीच्या कडांवरून किंवा शेजारच्या एखाद्या गोल डब्यावरून काढावी लागते. खोका कॅमेऱ्याच्या किती डावीकडे किंवा उजवीकडे आहे, हे बरणीपेक्षा कितीतरी जास्त जपावे लागते. त्याची बाजूची भिंत दिसते की नाही हे त्यावरच ठरते.

ग्राहक म्हणतो, "आपली बरणी शेजारच्यापेक्षा जरा मोठी दाखवा." काय करावे?

शेजारी दुसऱ्या कंपनीचा माल त्याच्या खऱ्या मापात उभा असताना आपली बरणी वाढवली, तर पाहणाऱ्याला आत जास्त माल असल्याचे वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत मालाच्या प्रमाणाविषयी दिशाभूल होण्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे आम्ही मापाला हात लावत नाही. बरणी उठून दिसायला हवी असेल तर ती फळीच्या अगदी कडेला, शेजारच्या मालापेक्षा 50 मि.मी. पुढे उभी करण्याचा पर्याय आम्ही सुचवतो. 1450 मि.मी.वर आल्यावर ती 390 ऐवजी सुमारे 403 पिक्सेलची होते. मात्र संदर्भ फोटोही मग 1450 वरूनच काढावा लागतो.